पानावरचा कावळा

जुलैतली दुपार होती. गोव्यातल्या आमच्या डिचोलीत पाऊस असा लागला होता की अंगणातली तुळससुद्धा धुरकट दिसत होती. नातीला मांडीवर घेऊन मी सोप्यावर बसले होते आणि आमच्यापुढे तिच्या पहिल्या वाढदिवसाला आलेलं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उघडं होतं. पांढऱ्याशुभ्र पानावर एकच चित्र, कावळ्याचं. तिने आधी एक बोट ठेवलं, मग सगळा पंजा, आणि मग नखांनी कावळ्याच्या कडा खरवडायला लागली. अंगठा आणि तर्जनी जुळवून, जसा ती जमिनीवरचा चुरमुरा उचलते, तसा तिने तो पानावरून उचलला. चिमूट उघडून पाहिली. रिकामी होती. पुन्हा खरवडलं, पुन्हा चिमूट उघडली. तिसऱ्या वेळी तिने सरळ तोंडच खाली नेलं आणि ओठांनी तो कावळा टिपायला गेली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले.

"बाय, तो कागदाचा आहे गं," मी म्हटलं. म्हणता म्हणता गप्प झाले. कागद म्हणजे काय, हे तिला कुठे ठाऊक होतं?

अठ्ठावीस वर्षं मी बालवाडीत काढली. तीन वर्षांच्या मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवण्यात माझा हात कुणी धरला नसता. पण तीन वर्षांचं मूल माझ्याकडे येतं तेव्हा ही गाठ त्याने कधीच सोडवलेली असते. चित्रातला आंबा खाता येत नाही, तरी तो आंबाच असतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. त्याआधी कधीतरी, कुणाच्या तरी मांडीवर, ते त्याला उमगलेलं असतं. ते नेमकं कधी आणि कसं होतं, याचा विचार मी एवढ्या वर्षांत एकदाही केला नव्हता. त्या रात्री झोप येईना. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे ती उघडलेली रिकामी चिमूट.

नंतर शोधून वाचलं तेव्हा कळलं की याच गोष्टीचा कुणीतरी फार निगुतीने अभ्यास केलेला आहे. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली नऊ महिन्यांच्या बाळांपुढे वस्तूंचे हुबेहूब फोटो ठेवले. बाळांनी ते चोळले, थोपटले, चिमटीत धरून उचलायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या बाळांनी केलं तेच आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या, चित्रांची पुस्तकं न पाहिलेल्या बाळांनीही केलं. एकोणीस महिन्यांची मुलं मात्र चित्राला हात घालत नव्हती, बोट दाखवत होती. म्हणजे वर्षाचं मूल या दोन टोकांच्या अधेमधे असतं. आणि चित्र जितकं खरं, तितका त्याला उचलण्याचा मोह जास्त. माझी बाय काही चुकत नव्हती. ती त्या कावळ्याची चौकशी करत होती, तिच्याजवळ असलेल्या एकुलत्या एका पद्धतीने.

हे कळल्यावर पुस्तकांकडे बघायची माझी नजर बदलली. पुस्तक चघळलं, खरवडलं, आपटलं की आपण म्हणतो, अजून लहान आहे, कळत नाही, ठेवा वर. पण तेच तर त्याचं वाचन असतं! या वयाला द्यायचं पुस्तक तेवढं सोसणारं हवं, आणि सोसता सोसता त्याचा तुकडा तोंडात जाणार नाही असं हवं.

म्हणून त्या रविवारी मी वाढदिवसाच्या भेटी पुन्हा बाहेर काढल्या. सतरा होत्या. मुलगा म्हणाला, "आई, टाकायचं काही नाही हं, लोकांनी प्रेमाने दिलंय." टाकायचं नव्हतंच, वेगळं करायचं होतं. सून स्वयंपाकघरातून कागदी टॉवेलच्या गुंडाळीची रिकामी पुठ्ठ्याची नळी घेऊन आली. तिचा व्यास साधारण चार सेंटीमीटर. जे त्या नळीत पडतं ते वर्षाच्या मुलाच्या घशात अडकू शकतं, हा घरगुती हिशेब. खेळणी तपासणाऱ्यांचं अधिकृत मापपात्र याहून अरुंद असतं, ३१.७ मिलिमीटरचं, त्यामुळे नळीची परीक्षा थोडी कडकच आहे आणि ते बरंच आहे. मुळाक्षरांचे लाकडी ठोकळे टपाटप नळीतून खाली पडले. गाडी पडली नाही, पण तिचं चाक मी अंगठ्याने जोर लावून ओढलं तर निघून हातात आलं, आणि ते पडलं. खेळणं अख्खं मोठं असून भागत नाही. त्याचं सुटू शकणारं सगळ्यात लहान अंग मोजावं लागतं. मऊ कुत्र्याचं प्लास्टिकचं नाक ओढून पाहिलं, दोन धागे तुटले. तो कुत्रा नाक कापून, तिथे काळा दोरा भरून परत दिला. एका ओढायच्या बदकाची दोरी हातभर लांब होती, ती कापून वीतभराहून कमी ठेवली, कारण लांब दोरी गळ्याभोवती फिरायला वेळ लागत नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते खेळण्यातल्या मोबाइलचं. विहीणबाईंनी हौसेने आणलेला, बटण दाबलं की गाणं लागायचं. उलटा करून बघितला तर आत बटणाएवढ्या तीन चपट्या बॅटऱ्या, आणि वरचं झाकण नुसतं नखाने निघणारं. तिथे स्क्रू हवा. ही चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर ती फुटायचीसुद्धा गरज नसते. ओल्या त्वचेला टेकून तिच्यातून वीज वाहते आणि तिथे क्षार तयार होऊन दोन तासांत खोल भाजू शकतं. कुणी गिळली असा नुसता संशय आला तरी थेट इस्पितळ गाठायचं, वाट बघायची नाही. सून एकदम उठली आणि कपाटावरचं गाणारं ग्रीटिंग कार्ड घेऊन आली. त्याच्यातही तीच बॅटरी. कार्डाला कुणी खेळणं म्हणत नाही, म्हणून ते महिनाभर बायच्या हाताशी पडून होतं.

मोबाइल गेल्याचं मला दुसऱ्या एका कारणाने बरं वाटलं. ते खेळणं वाजायला लागलं की मी गप्प बसायची. बाय बटण दाबायची, ते गायचं, आणि मी नुसती हसून बघत राहायची. ॲना सोसा यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात हेच दिसलं होतं: दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईबाप, एकूण सव्वीस जोड्या. वाजणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांशी खेळताना मोठी माणसं सगळ्यात कमी बोलली आणि पुस्तक हातात असताना सगळ्यात जास्त. जोड्या थोड्या होत्या, एका अभ्यासाने सगळं ठरत नाही. पण माझ्या मांडीवरचं मला ठाऊक होतं.

पुस्तकं पाच आली होती. एकात प्रत्येक पानावर चाळीसेक चित्रं, फळं, गाड्या, रंग, आकडे, सगळ्यांची गर्दी. ते तीन वर्षांनी काढू. एकात पान उघडलं की झाड उभं राहायचं. बाय त्या झाडावर तुटून पडली आणि दुसऱ्या दिवशी फांदी तिच्या गालात सापडली, लगदा होऊन. एक पातळ कागदाचं गोष्टीचं पुस्तक होतं, सुंदर चित्रांचं. ते मीच वाचते तिला, लांबून, झोपताना. एक कापडाचं, धुता येणारं, पण त्यातली चित्रं इतकी अंधुक की मलाच हत्ती की ढग ते कळेना. उरलं ते पुठ्ठ्याचं, कावळ्याचं. दहा पानं, पानावर एकच वस्तू, मागे पांढरं, गोल कोपरे, बांधणीत तार नाही. निवडलं ते. पण पुढची पानं उलटली आणि जीव खट्टू झाला. पेंग्विन. स्ट्रॉबेरी. बर्फाचा माणूस. लाल दुमजली बस. दहातली सहा चित्रं अशी, की त्यांच्यावर बोट ठेवून मी तिला खिडकीबाहेरचं काही दाखवू शकत नव्हते.

मोठ्या मुलाला पेंग्विन दाखवायला माझी काही हरकत नाही. पण जिला अजून चित्र आणि वस्तू यांचं नातंच लागायचं आहे, तिच्या नात्याचं एक टोक तरी घरात हवं ना? कावळा कुंपणावर येतो, म्हणूनच तर तिने तो उचलायचा प्रयत्न केला. पेंग्विनचं पान तिने एकदाही खरवडलं नाही. नुसतं उलटलं.

मग आम्ही पुस्तक घरीच करायचं ठरवलं. सहाच चित्रं: कावळा, शेजारची मांजर, पंखा, तिची वाटी, नारळ आणि आईची निळी छत्री. मुलाने मोबाइलवर फोटो काढले, डिचोलीच्या बाजारातून छापून आणले. पहिलं पुस्तक फसलं, आणि कसं फसलं ते सांगण्यासारखं आहे. कावळ्याचा फोटो सुरेख होता, माडाच्या झावळ्या, पावसाळी आभाळ, आणि तारेवर कावळा. बायने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने बोट ठेवलं ते खालच्या कोपऱ्यात, कपडे वाळत घालायच्या दोरीवरच्या एका लाल चिमट्यावर. मोठ्या माणसाचा डोळा फोटोतला विषय आपोआप शोधतो. वर्षाच्या मुलाचा डोळा जे झगझगीत आणि वेगळं दिसेल तिकडे जातो. म्हणून दुसऱ्या वेळी कावळा चुन्याच्या भिंतीवर बसलेला असताना धरला, जवळून, पानाचा निम्म्याहून जास्त भाग त्यानेच भरेल असा. वाटी पांढऱ्या चादरीवर ठेवून काढली. पंखा मात्र मुद्दाम खालून काढला, बाय आडवी पडून बघते तिथून. बाजूने काढलेला पंखा तिच्या ओळखीचा नव्हता.

दुसरी चूक बांधणीत झाली. मी जुन्या सवयीने मैद्याची खळ करायला निघाले होते. सुनेने थांबवलं, आणि बरोबर थांबवलं. गोव्याच्या पावसाळ्यात मैद्याची खळ म्हणजे बुरशीला आणि झुरळांना आमंत्रण. मग फोटो लॅमिनेट करून घेतले. दुकानदाराने कडा अगदी फोटोलगत सफाईने कापून दिल्या, आणि दोन दिवसांत बायच्या समोरच्या चार दातांनी त्या उकलल्या. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांच्या मधे लाळ गेली, फोटो फुगला. लॅमिनेशन कापताना फोटोबाहेर चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर नुसतं प्लास्टिक चिकटलेलं राहायला हवं, तीच त्याची शिवण. पण ती शिवण कोपऱ्यात टोचते, म्हणून पाच रुपयांचं नाणं ठेवून कोपरे गोल कापले आणि कडेवरून गालाने चाचपून पाहिलं. बोटापेक्षा गालाला लवकर कळतं. मग दोन फोटो पाठीला पाठ लावून मधे पुठ्ठा घातला आणि चारी कडांना कापडी चिकटपट्टी लावली. नुसतं लॅमिनेट केलेलं पातळ पान तिच्या बोटांना उचलताच येत नव्हतं. पान साधारण दोन मिलिमीटर जाड झालं तेव्हा तिने ते पहिल्यांदा स्वतः उलटलं. दोन पानं एकदम उलटली, छत्री गाळून ती सरळ नारळावर पोचली. तिने वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू तो नारळ तिनेच पाडला होता.

स्टेपलरची पिन आणि तारेची गुंडाळी आम्ही लावली नाही. पाठीला रुंद कापडी पट्टीच, दोन वेळा.

विकत घेतलेल्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचीही इथल्या हवेत काळजी घ्यावी लागते. लाळ आणि दमट हवा मिळून पुठ्ठा आतून कुजल्यासारखा मऊ होतो. आधी कोपऱ्याचे थर पंख्यासारखे फुलतात, मग त्यांचा लगदा सुटतो. मी दर दोन दिवसांनी कोपऱ्यावर नख दाबून बघते. वळ उठला आणि तसाच राहिला तर पुस्तक वर. ओल्या फडक्याने पुसून, पानं फाकवून, उभं करून पंख्याखाली रात्रभर ठेवलं तर बहुतेक वेळा सावरतं. कपाटात मिटून ठेवलं की आठवड्यात पांढरी बुरशी. वाईट वाटतं, पण बुरशी लागलेलं पुस्तक मी पुसून परत देत नाही, कारण ते तोंडात जाणार आहे.

घरच्या पुस्तकात अक्षरं नव्हती, आणि याचा एक फायदा मला उशिरा कळला. विहीणबाई फोंड्याच्या, घरात कोंकणीच बोलतात. त्या आल्या, बायला घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पळय गो, कावळो! आनी हें माजर." मी तेच पान उघडते तेव्हा कावळा आणि मांजर. सुनेला काळजी, की एवढ्याशा डोक्यात गोंधळ होईल. माझ्या बालवाडीतली निम्मी मुलं घरी कोंकणी आणि शाळेत मराठी अशीच वाढली, गोंधळलेली मी तरी पाहिली नाहीत. ज्याने त्याने आपल्या जिभेवरचं बोलावं, म्हणजे ते जीव लावून बोललं जातं. छापील शब्द असता तर विहीणबाई अडखळत मराठी वाचत बसल्या असत्या, किंवा पुस्तक मिटून ठेवलं असतं.

माझी स्वतःची एक खोड मात्र मोडायला वेळ लागला. शिक्षिकेची जीभ. "हे काय? हे कोण? काऊ कुठाय, दाखव!" एका पानाला चार प्रश्न. बाय दोन पानांत उठून जायची. मग मी उलटं करून पाहिलं. पुस्तक तिच्या हातात, पान तिच्या मर्जीने, आणि तिचं बोट जिथे टेकेल त्याचं नाव एकदाच घ्यायचं. मग मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. ते पाच आकडे मला फार लांब वाटायचे. पण तेवढ्यात तिच्याकडून काहीतरी यायचं, एक हुंकार, एक "का", कधी नुसती पंख्याकडे वर गेलेली मान. पंख्याच्या पानावर तिने पहिल्यांदा मान वर केली, पानाकडे बघितलं, पुन्हा वर. मी सुनेला हाक मारणार होते, पण मारली नाही. ते दोघींचं होतं.

खेळण्यांच्या बाबतीत मी कमी बोलेन, कारण या वयाची खरी खेळणी बहुतेक स्वयंपाकघरातच असतात. वर्षाच्या मुलाला एकच वेड असतं, आत टाकायचं आणि बाहेर काढायचं. आमच्याकडे रुंद तोंडाचा स्टीलचा डबा आहे, कडा वळवलेला, धार नसलेला. त्यात एक कापडाचा चेंडू, एक आखूड लाकडी डाव आणि एकात एक बसणाऱ्या पाच वाट्या. चेंडू मी मुद्दाम मुठीहून मोठा केला. गुळगुळीत गोल वस्तू घशात अडकली की श्वासाला फटच राहत नाही, म्हणून चेंडूला नळीची परीक्षासुद्धा काठावर पास होऊन चालत नाही. डाव टाकला की ठण्ण, चेंडू टाकला की आवाज नाही. हा फरक ती वीस वीस वेळा तपासते. बाकीची खेळणी पेटीत. चार बाहेर, आठवड्याने बदलायची.

मात्र स्वयंपाकघरातलं, परसातलं म्हणजे आपोआप सुरक्षित असं मी मानत नाही. बालवाडीत आम्ही काजूच्या बिया आणि चिंचोके घेऊन मोजायला शिकवायचो. एप्रिल-मेमध्ये इथे घराघरांत काजूच्या बिया वाळत पडलेल्या असतात. त्या कच्च्या बीच्या टरफलातलं तेल ओठ आणि तोंड भाजून काढतं, फोड येतात. सुपारी नळीत बरोब्बर मावते. आणि गुंजा, त्या लाल काळ्या देखण्या गुंजा, चावल्या गेल्या तर विषारी. माझ्या आईने मला गुंजांचा खुळखुळा करून दिला होता. तो हातात धरल्याचं मला अजून आठवतं, आणि आता अंगावर काटा येतो.

पांगुळगाड्याबद्दल लिहायचं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

१९९२ साली मुलगा वर्षाचा झाला तेव्हा हे सावंतवाडीला गेले होते आणि एस.टी.च्या टपावर टाकून पांगुळगाडा घेऊन आले. लाल दांडा, हिरवी चाकं, चाक फिरलं की टकटक वाजणारी लाकडी जीभ. मुलगा त्याला धरून या सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. हे जाऊन आता सहा वर्षं झाली. माळ्यावरून मुलाने तो गाडा उतरवला, धूळ पुसली, आणि बायपुढे ठेवला. ती लगेच दांड्याला धरून उभी राहिली आणि दांड्याला तोंड लावलं. तिच्या ओठाला लाल रंगाचा पापुद्रा चिकटला होता.

मी तो बोटाने काढला आणि गाडा उचलून बाजूला घेतला. मुलाचा चेहरा उतरला. "आई, मी याच्यावरच चाललो ना?" हो, चाललास. पण त्या काळच्या तैलरंगात शिसं किती होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाखात नव्वद भाग अशी कायद्याने ठरली, ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. शिसं असलेला रंग आणि नसलेला रंग डोळ्यांना सारखाच दिसतो. ओलं पांढरं फडकं घासून रंग उतरला तर वस्तू तोंडात जाऊ द्यायची नाही, एवढं मी करते. पण उतरला नाही म्हणजे शिसं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मुलगा म्हणाला, पॉलिश कागदाने घासून नवा रंग देतो. तेही नको म्हटलं, कारण घासल्यावर तीच भुकटी जमिनीवर पसरणार, आणि बाय जमिनीवर रांगते, तेच हात तोंडात घालते.

नवा गाडा आणला. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकायच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर मानकाचा आकडा आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक मुलाने बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकून बघितला, तेव्हा कंपनीचं नाव जुळलं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे जत्रेतलं किंवा कारागिराकडचं लाकडी खेळणं चिन्हाशिवाय दिसलं म्हणून ते वाईट ठरत नाही. मात्र तिथे आपणच विचारायचं, रंग कुठला वापरला, लाखेचा आहे का. नीट सांगणारा कारागीर मिळाला तर मी त्याच्याकडूनच घेईन. नवा गाडा चांगला आहे, जड आहे, पुढे पळत नाही. टकटक वाजत नाही. जुना आता यांच्या फोटोखाली, उंच कपाटावर आहे. बाय तिथे बोट दाखवते. मी सांगते, आजोबांचा गाडा. पाचपर्यंत मोजते.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधायला घेतली तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. मुलगा शिडीवर, मी खालून एकेक देत होते, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचा घड, आणि शेवटी नारळाची जोडी. नारळ वर गेला तशी ती माझ्या कडेवरून खाली वाकायला लागली, उतरव म्हणून. उतरवली तर लगबगीने रांगत खोलीत गेली आणि पुस्तक फरफटत घेऊन आली. नारळाचं पान काही तिला सापडेना, दोन पानं एकदम उलटत राहिली. मी मदत करायला वाकले आणि थांबले. शेवटी तिने कंटाळून पुस्तक माटोळीखाली टाकलं आणि वर बघत टाळ्या वाजवल्या.

परवा दुपारी भरवत होते. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. मऊ भात, वर तूप. पुस्तक शेजारीच पडलेलं, कावळ्याचं पान उघडं. तिने माझ्या बोटांतला घास काढून घेतला, मला वाटलं तोंडात घालेल. तिने तो कावळ्याच्या चोचीवर दाबला, भात पानभर पसरला, आणि मग ती वाट बघत बसली, एकदा कावळ्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. तिला अजून तो खराच वाटत होता की ती आता खेळत होती, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. थोड्या वेळाने तिने तोच भात बोटाने टिपून स्वतः खाल्ला. मी पान ओल्या फडक्याने पुसलं, नख दाबून कोपरा बघितला, आणि पुस्तक फाकवून पंख्याखाली उभं केलं.